रोपट्याचा पाया

लेथ मशीनपुढे उभं राहून त्याच्या भागांची नावं एकदा ओळीनं मोठ्यानं म्हणून पाहावीत. सगळ्यात खाली बेड. बेडच्या डाव्या टोकाला हेडस्टॉक, उजवीकडे टेलस्टॉक. म्हणजे डोकं इकडे आणि शेपूट तिकडे करून कुणीतरी पलंगावर आडवं झालेलं आहे. इथवर चित्र नीट आहे. पण त्याच पलंगावर एक सॅडल मागेपुढे सरकत असतं आणि त्या खोगिराला पुढच्या बाजूनं एप्रन बांधलेला असतो. डोक्यातून स्पिंडलचं नाक बाहेर आलेलं असतं, नाकावर चक बसतो आणि चकला तीन किंवा चार जॉ, म्हणजे जबडे. शेपटीत एक टोकदार सेंटर खोवलेलं असतं. ते जॉबबरोबर फिरत नसेल तर डेड, फिरत असेल तर लाइव्ह. एखाद्या नवकवीनं हे सगळं एका कवितेत घातलं असतं, तर आपण त्याला विचारलं असतं की बाबा, तुझा प्राणी नेमका कोणता?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हा प्राणी गल्लोगल्ली आहे. तुमकूर रस्त्यावरच्या मेट्रोच्या पुलाखालून आत शिरलं की पत्र्याच्या शेड सुरू होतात, कूलंटचा वास सुरू होतो, आणि कन्नड, तमिळ, हिंदीच्या मधूनमधून खानापूर-निपाणीकडची मराठीही कानावर येते. तिथे दिवसभर कुणी ना कुणी म्हणत असतं, सॅडल मागं घे, जॉ आवळ, टेलस्टॉक सरकव. घोडा कुणालाच दिसत नाही. याच पीण्यात इस्रोचं इस्ट्रॅक केंद्र आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजी विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तेव्हा टाळ्या वाजल्या त्या तिथल्या नियंत्रण कक्षात. त्या उतरण्याच्या पहिल्या टप्प्याचं नाव होतं रफ ब्रेकिंग, आणि पुढच्या एका टप्प्याचं फाइन ब्रेकिंग. लँडरला चाक नाही, खाली रस्ता नाही, ब्रेक दाबायला पायही नाही. जायच्या दिशेच्या उलट इंजिनांचा जोर लावून वेग कमी करायचा, एवढंच ते काम. तरी तो ब्रेक, आणि त्यावरून कुणी वाद घालत नाही.

कारण ही रूपकं कधीच गतप्राण झालेली आहेत. अशी रूपकं एकमेकांशेजारी कितीही दाटीवाटीनं ठेवा, ती भांडत नाहीत. भांडण लागतं ते त्यातलं एखादं जागं झालं की. आणि जागं करायला फार काही लागत नाही, त्याच घरातला आणखी एक शब्द पुरतो. ‘टर्नरनं सॅडल पुढे घेतलं’ या वाक्यात घोडा नाही. ‘टर्नरनं सॅडलवर मांड ठोकली’ म्हटलं, की घोडा खिंकाळत उभा राहतो, आणि मग तो पलंगावर काय करतोय, एप्रन कशाला बांधलाय, हे प्रश्न आपोआप येतात. त्यामुळे रूपकांची खिचडी शोधायला निघालेल्या माणसानं प्रत्येक रूपकावर झडप घालू नये. आधी नाडी बघावी. ‘कामाचा डोंगर उपसला’ हे वाक्य उगाच अडवणारा संपादक कुणालाच नको असतो.

हे सगळं इतक्या बारकाईनं मनात यायला निमित्त झालं एका मानपत्राचं. पीण्याच्या दुसऱ्या स्टेजमधल्या एका लहानशा कारखान्याचे मालक निवृत्त होणार होते. मूळचे कोल्हापूरकडचे. कानडीतून एक मानपत्र वाचलं जाणार होतं, आणि मालकांच्या घरची भाषा मराठी म्हणून एक मराठीत. ते लिहिलं होतं ऑफिसातल्या एका हौशी गृहस्थांनी, आणि ‘फक्त शुद्धलेखन बघा’ असं सांगून माझ्याकडे पाठवलं होतं. फक्त शुद्धलेखन बघा असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे शुद्धलेखन सोडून सगळं बघावं लागतं, हा मुद्रितशोधनाच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘पीण्याच्या माळावर आपण या रोपट्याचा पाया रोवलात आणि आज त्या रोपट्याने घेतलेली गरुडझेप यशाचे शिखर गाठून आमच्यासारख्या असंख्य पाखरांना दीपस्तंभाप्रमाणे सावली देत आहे.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

कारखान्याचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, समोर बाय-टू कॉफी घेऊन बसले होते. मामा खानापूर तालुक्यातले. बेळगावच्या उद्यमबागेत हात बसला, मग इकडे आले. मी वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, “ताई, ह्याचं ड्रॉइंग काढता येईल का ओ?”

मी हा प्रश्न तेव्हापासून माझ्या कामात कायमचा घेऊन टाकला आहे. त्यांच्या शॉपमध्ये ड्रॉइंग नसलेला जॉब मशीनवर चढत नाही. समोरून कसा दिसतो, वरून कसा, बाजूनं कसा, हे कागदावर असल्याशिवाय कुणी टूलला हात लावत नाही. तोच नियम मामांनी वाक्याला लावला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी खरंच एक रोपटं काढलं, त्याखाली चौकोनी पाया काढला, रोपट्याला पंख काढले, आणि डोंगराच्या टोकावर दिवा लावताना थांबून म्हणाले, “ही सावली आता कुठल्या बाजूला पाडू?” दिवा स्वतःच उजेड देतो. त्याची सावली पडायची तर दुसरा दिवा आणावा लागेल, आणि त्या दुसऱ्या दिव्याची तरतूद मानपत्रात नव्हती.

हे सगळं गृहस्थांच्या कसं लक्षात आलं नसेल? मला वाटतं त्याचं एक कारण मराठी वाक्याच्या बांधणीतच आहे. आपलं क्रियापद येतं शेवटी. तोवर कर्ता, कर्म, विशेषणं, त्यांच्या शेपट्या, सगळे गाडीची वाट बघत फलाटावर उभे असतात. या गर्दीत एक रोपटं उभं आहे, पाठोपाठ पाया येऊन उभा राहतो. दोघं तसे सभ्य, एकमेकांकडे बघत नाहीत. शेवटी ‘रोवलात’ हे क्रियापद येतं आणि दोघांनाही त्याच डब्यात चढावं लागतं. रोपटं लावतात, पाया घालतात, आणि रोवतात ती मेढ किंवा झेंडा. म्हणजे डबा तिसऱ्याच गाडीचा. म्हणून खिचडी हुडकायची सोपी रीत अशी: वाक्य उलट वाचायचं. आधी क्रियापद धरायचं आणि मागे जाऊन प्रत्येक नामाला विचारायचं, हे तुझंच का? ‘सावली देत आहे’ हे धरा. सावली कोण देतं? रोपटं, वाढल्यावर. दीपस्तंभ देतो का? नाही. गरुडझेप देते का? देत असेल तर ससे घाबरतात. ‘गाठून’ हे धरा. शिखर गाठतात, बरोबर. गाठतं कोण? झेप. झेप घेणारा गाठतो, झेप स्वतः नाही. असं उलट चालत गेलं की ज्या शब्दांचं एकमेकांशी लग्न झालेलं आहे ते जोडीनं उभे राहतात आणि बाकीचे वऱ्हाडात आगंतुक म्हणून आलेले कळतात.

तसं केल्यावर या वाक्यात एक गंमत सापडली. रोपटं, पाखरं आणि सावली, हे तिघं एकाच घरचे निघाले. पाया, गरुड, शिखर आणि दीपस्तंभ, हे चौघं बाहेरून आले होते. चौघांना नमस्कार करून वाटेला लावलं तर उरतं: ‘पीण्याच्या माळावर आपण हे रोपटं लावलंत, आणि आज आमच्यासारखी असंख्य पाखरं त्याच्या सावलीत आहेत.’ वाक्य बरं झालं होतं. बहुतेक बिघडलेल्या वाक्यांच्या पोटात असं एखादं धड वाक्य निजलेलं असतं. लिहिणाऱ्याला सुरुवातीला ते दिसलेलंच असतं, पण पुढे समारंभाची भीती वाटते आणि तो हाताला येईल तो अलंकार चढवत जातो.

इथे एक न्याय करायला हवा. एकाच गोष्टीला अनेक उपमानं देणं हा काही गुन्हा नाही. आपल्या अलंकारशास्त्रात त्याला मालारूपक असं रीतसर नाव आहे. आई ही सावली, आई हा दिवा, आई ही भाकरी, असं कुणी म्हणालं तर आपण ‘आधी ठरवा’ असं म्हणत नाही. ज्ञानेश्वरीत एका मुद्द्यासाठी एकामागून एक दृष्टान्त येतात, आणि वाचणारा गुदमरत नाही. कारण तिथे प्रत्येक दृष्टान्त आपलं काम संपवतो, दार लावून घेतो आणि मग दुसरा येतो. सगळे शेजारी शेजारी राहतात, एकमेकांच्या घरात घुसत नाहीत. मानपत्रातला दीपस्तंभ शेजारी राहायला तयार नव्हता, त्याला झाडाचीच सावली पाडायची होती. माळ आणि खिचडी यांतला फरक तेवढाच. तो मोजून दाखवता येतो: दुसरं उपमान पहिल्याच्या अवयवावर उभं आहे, की मूळ विषयावर? विषयावर असेल तर माळ. अवयवावर असेल तर ड्रॉइंग मागवा.

असं दुरुस्त केलेलं वाक्य मी मामांना वाचून दाखवलं. चित्र आता काढता येत होतं. पण मामांचा चेहरा फारसा खुलला नाही. ते म्हणाले, “झाड म्हटलं की भाषणात पुढं वटवृक्ष म्हणणारच की ओ.” बरोबर होतं, मसुद्यात पुढच्याच परिच्छेदात वटवृक्ष उभा होता. “आणि वडाखाली काय उगवतंय?” मालकांचा मुलगा कारखाना हाती घेणार होता, आणि तो पहिल्या रांगेत बसणार होता. मी वटवृक्षावर काट मारली.

म्हणजे रूपक एकसंध असलं की काम झालं, असं नाही. खिचडी ही निदान चटकन पकडता येते. एकसंध रूपकाचा त्रास वेगळा: ते नीट वागतं, नीट वागता वागता वाढतं, आणि वाढता वाढता आपण न बोलावलेल्या ठिकाणी जाऊन बसतं.

याचा खरा नमुना दुसऱ्या दिवशी आला. सीएनसीचे प्रोग्रॅम लिहिणारा एक तरुण मुलगा तिथे आहे, निपाणीचा, वाचणारा. पहिलं मानपत्र फार जुन्या वळणाचं आहे असं त्याचं मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यानं दीड पान नवं लिहून आणलं. त्यात झाड नव्हतं, गरुड नव्हता. सगळं मानपत्र एकाच रूपकात होतं: मालक म्हणजे टर्नर आणि कामगार म्हणजे जॉब. शास्त्रात ज्याला सांगरूपक म्हणतात ते, सगळ्या अंगांसकट. मालकांनी आम्हांला चकमध्ये धरलं. शिस्तीच्या टूलनं आमचे खडबडीत थर उतरवले. प्रेमाचं कूलंट सोडून आम्हांला तापू दिलं नाही. अनुभवाच्या मायक्रोमीटरनं मोजलं. आणि शेवटी आम्ही झळझळीत होऊन तयार झालो.

मला ते आवडलं, हे आधी सांगते. निदान लिहिणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून लिहिलं होतं. चूक कुठे सापडते ते बघायला मी सवयीनं क्रियापदं धरून उलट गेले. सगळी जागच्या जागी होती. ड्रॉइंगही निघत होतं. मग त्याला खरी परीक्षा द्यावी लागली ती मामांची आणि त्यांच्याभोवती जेवणाच्या सुट्टीत जमलेल्या चार-पाच टर्नरांची.

पहिला म्हणाला, “कुठल्या चकमध्ये धरलं?” मुलगा म्हणाला, कुठल्याही, साधा तीन जॉचा. त्यावर मामा म्हणाले की तीन जॉचा चक गोल किंवा षट्कोनी मालासाठी. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत येतात, माल आपोआप मधोमध बसतो, काम पटकन होतं. “आम्ही काय आलो तेव्हा गोल होतो व्हय?” ओबडधोबड, चौकोनी, एका बाजूला जड असा माल असेल तर चार जॉचा चक लागतो. त्यात प्रत्येक जबडा स्वतंत्र. एक थोडा सैल करायचा, समोरचा थोडा आवळायचा, डायल लावून जॉब हातानं फिरवायचा, काटा किती हलतो ते बघायचं, पुन्हा सैल, पुन्हा आवळ. वेळ लागतो. काही जण त्याला वैतागतात. पण वाकडा माल मधोमध आणायचा तर दुसरा इलाज नाही. मामा म्हणाले, “मालकांनी आम्हांला तसं धरलं. एकेकाला वेगळं.”

कुणी काही बोललं नाही. मुलानं तेवढं वाक्य लिहून घेतलं.

पण आता रूपक टर्नरांच्या हाती गेलं होतं. दुसऱ्यानं विचारलं, थर उतरवले म्हणता, मग चिप कुठे गेली? लेथवर माल कमीच होतो, एक दोरासुद्धा वाढत नाही. मालकांकडे येऊन आम्ही फक्त झिजलो का? तिसरा म्हणाला, आणि जे सोडून गेले ते रिजेक्शनच्या पेटीत का? चौथ्याचा मुद्दा सगळ्यांत वाईट होता. तो म्हणाला, पातळ भिंतीचा पाइप चकमध्ये फार आवळून धरला आणि आतून बोअर केला, तर चकमध्ये असेपर्यंत तो एकदम गोल दाखवतो, आणि सोडला की तिकोनी होतो. यावर सगळे खूप हसले, कारण मालकांची नजर असेपर्यंत सरळ आणि नजर वळली की तिकोनी, अशी दोन नावं सगळ्यांनाच माहीत होती. शेवटी मामांनी शांतपणे विचारलं, “आणि तयार झालेल्या जॉबचं काय करतात?” पॅक करून गिऱ्हाइकाकडे पाठवतात. म्हणजे निवृत्त होणार मालक, आणि डिस्पॅच होणार आम्ही.

मुलगा हिरमुसला. त्याला वाटलं त्याचं मानपत्र मोडीत निघालं. मला तसं वाटलं नाही. त्या अर्ध्या तासात सांगरूपकाबद्दल मला जे कळलं ते अलंकारांच्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं. रूपक एका वाक्यापुरतं असतं तोवर ते लिहिणाऱ्याचं असतं. त्यानं दुसरं अंग जोडलं, तिसरं जोडलं, की ऐकणाऱ्याला परवानगी मिळते: म्हणजे हे चालू ठेवायचं आहे तर. मग तो चौथं स्वतः जोडतो, आणि ते लिहिणाऱ्याला हवं तेच असेल याची हमी नाही. ऐकणारा त्या धंद्यातला असेल तर हमी मुळीच नाही. पुण्याच्या सभागृहात हे मानपत्र टाळ्या घेऊन गेलं असतं, कारण तिथल्या बहुतेकांना चक म्हणजे काहीतरी गोल फिरणारं असतं एवढंच ठाऊक. पीण्यात ते टिकणार नव्हतं.

म्हणून मला नरहरी सोनार आठवले. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यातले, पंढरपूरचे, आणि धंद्यानं खरेच सोनार. सोनारकामावरचा त्यांचा अभंग मराठीतल्या सांगरूपकांत फार नेमका आहे. स्वतःला ते देवाचा सोनार म्हणवतात. देह ही शेगडी, अंतरात्मा सोनं, तीन गुणांची मूस, तिच्यात ब्रह्मरस ओतलेला, जीव आणि शिव यांची फुंकणी, विवेकाचा हातोडा, मन आणि बुद्धी ही कात्री, ज्ञानाचा तराजू. एकेक अंग मोजून पाहा: शेगडी, मूस, फुंकणी, हातोडा, कात्री, तराजू. सोनाराच्या हाताखाली काम जवळपास याच क्रमानं पुढे सरकतं. आधी वितळवणं, मग ठोकणं, मग कातरणं, शेवटी तोलणं. रूपक लांबलं आहे, पण दुकान सोडून कुठे गेलेलं नाही.

तरी बारीक नजरेनं पाहिलं तर हिशेब पक्का नाही. सुरुवातीला सोनं म्हणजे अंतरात्मा आहे, पुढे रामनाम हेच सोनं होतं. हातोड्यानं कामक्रोधाचं चूर्ण होतं, आणि सोनाराच्या हातोड्यानं सोन्याचं चूर्ण कधी होत नाही, सोनं पसरतं, पातळ होतं. मामांच्या शॉपमधल्या चौथ्या टर्नरानं हे नक्की पकडलं असतं. पण अभंग तिथे अडखळत नाही, कारण हातोडा जे करतो ते हातोड्याच्याच जातीचं काम आहे, आणि तोवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला आहे की हा माणूस दुकानातूनच बोलतो आहे.

आणि मग तो भाग येतो ज्यामुळे हे सांगरूपक ठेवण्याच्या लायकीचं झालं आहे. सोनार चोरी करतो. सोनार म्हटलं की लोकांच्या मनात जी शंका हमखास येते, घडवताना थोडं सोनं लाटणार, ती ऐकणाऱ्यानं जोडायच्या आत नरहरींनी स्वतःच जोडून टाकली, आणि चोरलेलं सोनं कोणतं तर रामनाम. म्हणजे आमच्या टर्नरांनी जे केलं असतं, ते कवीनं आधीच करून ठेवलं. गैरसोयीचं अंग झाकलं नाही, त्यालाच कामाला लावलं. रूपकातून नवा अर्थ निघतो तो अशा ठिकाणी. तराजू आणि हातोडा नसते तरी भक्ती सांगता आली असती. ही चोरी मात्र साध्या वाक्यात सांगता येत नाही.

ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपतीचं जे रूपक आहे, सगळं वाङ्मय हाच गणेशाचा देह, तिथेही हेच घडतं. अठरा पुराणं ही भूषणं, सहा दर्शनं हे सहा हात, हे सुंदर आहे, पण कुशल माणसाला जमण्यातलं. गणपतीचा मोडका दात आला की लिहिणाऱ्याची कसोटी लागते, कारण तो सोडताही येत नाही आणि सजवताही येत नाही. ज्ञानदेवांनी तो खंडन झालेल्या बौद्ध मताला दिला. ते मत आज आपल्याला पटो न पटो, पण मोडलेल्या अंगालाही अर्थ मिळाला. लांबवलेलं रूपक हाती आलं की मी आता पहिल्यांदा त्यातला मोडका दात शोधते. लेखकानं तो बघितला आहे की रुमालानं झाकला आहे?

नरहरींच्या अभंगाच्या शेवटी पोतडी खांद्यावर टाकून सोनार पैलतीराला उतरतो. कुणी म्हणेल, ही घ्या खिचडी, सोनाराच्या दुकानात नदी कुठून आली? मला ती खिचडी वाटत नाही. पैलतीर हे रूपक आपल्या भाषेत इतकं मुरलेलं आहे की त्याला पाणी उरलेलं नाही, आणि पोतडी घेऊन गावोगाव हिंडणारा सोनार नदी उतरणारच. रूपक संपवायला कवीनं त्याला सामान बांधायला लावलं, एवढंच.

कधी संपवायचं, हेच तर कठीण. सतराव्या शतकातल्या जॉन डन या इंग्रज कवीची प्रवासाला निघताना बायकोला उद्देशून लिहिलेली मानली जाणारी एक कविता आहे. त्यात तो दोघांच्या जिवांना कंपासाचे दोन पाय म्हणतो. एक पाय मध्ये रुतलेला, दुसरा लांब फिरणारा. फिरणारा दूर गेला की रुतलेला त्याच्याकडे कलतो, तो परत आला की सरळ होतो. हे रूपक अतिलांब म्हणून प्रसिद्ध आहे, पण नऊ कडव्यांपैकी ते येतं फक्त शेवटच्या तिनात. वर्तुळ पूर्ण झालं की डन थांबतो. कंपासाचा स्क्रू सैल होतो, टोक बोथट होतं, कंपास पेटीत ठेवतात, हे सगळं त्याला माहीत असणारच. मी डिव्हायडरचं हे प्रकरण मामांना सांगितलं, कारण त्यांच्या मार्किंगच्या टेबलावर तो रोजचा. मामा म्हणाले, “पण मधल्या पायाला आधी पंच मारावा लागतो, नाहीतर घसरतो.” डननं पंचाचा उल्लेख केलेला नाही. त्याला मामांसारखा श्रोता नव्हता.

तर त्या मुलाचं दीड पान घेऊन आम्ही बसलो. प्रत्येक अंगाला एकच प्रश्न विचारला: हे काढून साधं वाक्य लिहिलं तर काही हरवतं का? ‘प्रेमाचं कूलंट’ काढलं, प्रेम तसंच राहिलं. ‘अनुभवाचा मायक्रोमीटर’ काढला, काहीच हरवलं नाही. जोडनावात अडकवलेली अशी उपमानं बहुतेकदा नुसती पाटी असतात. शिस्त, टूल, थर, झळाळी, सगळं गेलं, कारण त्यांच्यामागून चिप, रिजेक्शन आणि डिस्पॅच येत होते. चार जॉचा चक काढून पाहिला. ‘मालकांनी प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे सांभाळून घेतलं’ असं साधं वाक्य मिळालं, आणि ते वाचताच मामा म्हणाले, हे कुणालाही म्हणता येतं. एक सैल, समोरचा घट्ट, पुन्हा डायल बघ, त्यातली चिकाटी आणि वेळ त्या साध्या वाक्यात येतच नव्हती. चक राहिला. दीड पानाच्या सांगरूपकातून चार ओळी उरल्या, बाकी मानपत्र साध्या मराठीत लिहिलं: कुणाच्या बहिणीच्या लग्नाला आगाऊ पैसे दिले, लॉकडाउनमध्ये पगार कसे झाले, पहिलं जुनं मशीन कुठून आणलं. मूळ लेखकांचा मान राहावा म्हणून रोपटं एका वाक्यापुरतं ठेवलं, चकपासून चांगलं दोन परिच्छेद लांब. एवढ्या अंतरावर ते भांडत नाहीत.

समारंभात ते वाचलं गेलं. रोपट्याला नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. चार जॉच्या ओळींना टाळ्या पडल्या नाहीत, पण मागच्या रांगांतून एक हुंकार आला, आणि कुणीतरी कानडीत शेजाऱ्याला ते समजावून सांगू लागला. मग मालक बोलायला उठले. मूळचे टर्नर, त्यामुळे त्यांना रूपक हाती द्यायची खोटी. ते म्हणाले, “चार जॉचं बरोबर आहे. पण एक गोष्ट लिहायची राहिली. चक आवळून झाला की चावी काढायची. चावी तशीच ठेवून मशीन सुरू केलं तर ती उडून कुणाच्या तरी डोक्यात बसते. हे मी तुम्हांला पहिल्या दिवशी शिकवलंय.” मग पहिल्या रांगेतल्या आपल्या मुलाकडे वळून म्हणाले, “मी आता चावी आहे. मला काढ, आणि मग मशीन चालू कर.”

प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. हे आपल्याला का सुचलं नाही, असा चेहरा करून त्यानं खिशातून पेन काढलं.